छोटं घर, कमी बजेट आणि पहिलं वाद्य: विकत घेण्याआधी घड्याळ का बघावं?

शाळेत असताना वाद्य शिकायचं राहून गेलं, मग कॉलेज, नोकरी, लग्न. तिशी-चाळिशीत कधीतरी मोबाईलवर कुणीतरी बासरी किंवा गिटार वाजवताना दिसतं आणि राहून गेलेली इच्छा परत डोकं वर काढते. मग शोध सुरू होतो. बजेट चार-सहा हजारांचं असतं. घर वन आरके किंवा वन बीएचके. भिंतीपलीकडे शेजारी, खाली दुसरं कुटुंब आणि घरातच कुणाची तरी परीक्षा किंवा झोप.

अशा वेळी बहुतेक जण दोन प्रश्न विचारतात. कोणतं वाद्य सोपं आहे? आणि कोणतं स्वस्त आहे? दोन्ही प्रश्न बरोबर असले तरी छोट्या घरात त्यांच्या आधी तिसरा प्रश्न येतो. शिकणाऱ्याला दिवसातले कोणते वीस मिनिटं मोकळी मिळतात, आणि त्या वेळी ते वाद्य त्या घरात वाजवता येईल का?

याचं उत्तर चुकलं की आठशे रुपयांची बासरीसुद्धा महाग पडते, कारण ती कपाटातच राहते.

आधी वेळ, मग वाद्य

नोकरी करणाऱ्या माणसाला रोज मिळणारा वेळ बहुधा दोनच ठिकाणी सापडतो. एक तर सकाळी सहा-सातच्या सुमारास, नाहीतर रात्री जेवणं आणि आवराआवर झाल्यावर, म्हणजे दहानंतर. नेमक्या याच वेळा आवाजासाठी सगळ्यात अवघड असतात.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ हा काळ ‘रात्र’ मानला जातो. निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल आहे. घरात कुणी रियाज केला म्हणून लगेच कारवाई होते असं नाही. पण रात्रीची शांतता किती कमी आवाजाने मोडते याचा अंदाज या आकड्यांवरून येतो. दोन माणसांच्या साध्या बोलण्याचा आवाजही जवळून साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी एक आठवडा साधी नोंद ठेवावी. रोज कोणत्या वेळी वीस मिनिटं खरंच मोकळी मिळाली, त्या वेळी घरात कोण होतं आणि कोण झोपलेलं होतं, एवढंच लिहायचं. सात दिवसांच्या नोंदीत जी वेळ पाच वेळा दिसेल, ती खरी वेळ. ‘रविवारी भरपूर वेळ मिळतो’ हे पहिल्या वाद्यासाठी पुरेसं नाही. बोटांना आणि कानाला सवय लागते ती रोजच्या थोड्या सरावाने, आणि आठवड्यातून एकदा दोन तास बसलं तर प्रत्येक वेळी मागचंच पुन्हा करावं लागतं.

आवाज घराबाहेर कसा जातो?

सगळे आवाज एकाच वाटेने बाहेर जात नाहीत. बासरीच्या वरच्या पट्टीसारखा बारीक, टोकदार आवाज भिंतीत बराचसा अडतो, पण उघड्या खिडकीतून आणि दाराखालच्या फटीतून सहज निसटतो. तबल्यातल्या डग्ग्याचा घुमारा मात्र भिंत आणि स्लॅब यांतून आरपार जातो. खालच्या मजल्यावरच्या माणसाला तबला ऐकू येत नाही, नुसती धप-धप ऐकू येते, आणि तीच जास्त त्रासदायक असते.

यामुळे उपायही वेगवेगळे आहेत. बारीक आवाजाच्या वाद्याला खिडकी बंद करणं, जाड पडदा ओढणं, कपड्यांनी भरलेल्या कपाटाकडे तोंड करून बसणं यांचा उपयोग होतो. जमिनीतून जाणाऱ्या ठोक्यांना यातलं काहीच थांबवत नाही. तिथे वाद्याखाली जाड गोधडी किंवा फोम टाकून थोडा फरक पडतो, तोही थोडाच.

पेटी आणि तबला: घरात असेल तर विचार करा

मराठी घरात वाद्य म्हटलं की पेटी आणि तबला ही जोडी आधी आठवते. पण छोट्या घरात, कमी पैशांत पहिलं वाद्य म्हणून दोन्ही अवघड आहेत.

तबल्याची अडचण वर आलीच. शिवाय तो सुरात लावणं हेच वेगळं कौशल्य आहे. हातोडीने गठ्ठे आणि गजरा ठोकून दायां योग्य स्वरात आणावा लागतो. पावसाळ्यात कातडं ओल धरून सैल होतं आणि लावलेला स्वर उतरतो. हे नवख्याला एकट्याने जमत नाही.

पेटीचं तसं नाही. तिचे स्वर आधीच लावलेले असतात, पट्टी दाबली की स्वर येतो. पण चांगली नवी पेटी पाच-सहा हजारांत मिळत नाही, आणि त्या किमतीत जी मिळते तिचा भाता किंवा सूर लवकर त्रास देऊ लागतो. आवाज कमी करायची सोयही मर्यादित आहे. एकच स्टॉपर उघडून, भाता हलक्या हाताने चालवून आवाज थोडा खाली आणता येतो, इतकंच.

मात्र आजोबांची जुनी पेटी माळ्यावर पडली असेल तर हिशेब बदलतो. ती दुरुस्त करण्यासारखी आहे का, हे घरीच पाहता येतं. सगळे स्टॉपर बंद करून भाता पूर्ण भरावा आणि हात सोडावा. भाता पटकन खाली बसला तर हवा कुठूनतरी गळते आहे. मग स्टॉपर उघडून, एकही पट्टी न दाबता भाता मारावा. तरीही एखादा स्वर आपोआप वाजत राहिला तर ती पट्टी नीट बसत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगल्यानेही असं होतं. हे दोन्ही दोष पेटी दुरुस्त करणारा कारागीर काढू शकतो. बरेच सूर बेसूर असतील तर मात्र खर्च वाढतो, आणि तो आधी विचारून घ्यावा.

माळ्यावर पेटी नसेल, तर छोट्या घरासाठी खरी निवड तीन वाद्यांत होते. बासरी, युकुलेले आणि कीबोर्ड.

बासरी: सगळ्यात स्वस्त, पण दिवसाची

जागा आणि पैसे या दोन्हींत बासरीला तोड नाही. शिकण्यालायक बासरी साधारण पाचशे ते दीड हजार रुपयांत मिळते आणि दाराच्या मागे खिळ्याला अडकवलेल्या कापडी पिशवीत राहते.

पण बासरीचा एक स्वभाव विकत घेण्याआधी माहीत हवा. तिचा आवाज मनासारखा लहान करता येत नाही. फुंक हळू केली की आवाज कमी होतो, पण सोबत स्वरही खाली उतरतो. फुंक वाढवली की स्वर चढतो. आवाज कमी-जास्त करून स्वर जागेवर ठेवणं अनुभवी वादकाला जमतं, नवख्याला नाही. त्यामुळे घरातून ‘जरा हळू वाजव’ असं सांगितलं गेलं आणि शिकणारा ते ऐकू लागला, की त्याच्या कानाला बेसूर स्वरांची सवय होते. ज्याची मोकळी वेळ रात्री दहानंतरची आहे, त्याने म्हणूनच बासरी घेऊ नये. सकाळी आठनंतर, दुपारी किंवा संध्याकाळी मोकळा असणाऱ्याला ती उत्तम.

दुसरा प्रश्न आकाराचा. मैफलीत दिसणारी लांब बासरी पन्नालाल घोष यांनी रूढ केली. तिचा आवाज खोल आणि गंभीर येतो. ती पाहून नवखे लोक तीस इंचांच्या आसपासची ‘ई’ म्हणजे पांढरी तीनची बासरी मागवतात. तिची छिद्रं मोठी आणि लांब-लांब असतात. बोटं पोचली तरी छिद्र पूर्ण झाकलं जात नाही, हवा निसटते आणि फुसफुस आवाज येतो. शिकणाऱ्याला वाटतं आपली फुंकच चुकते आहे.

सुरुवातीला ‘सी’ म्हणजे पांढरी एकची, अठरा-एकोणीस इंचांच्या आसपासची बासरी हाताला सोपी जाते. बोटं लांब असतील तर ‘जी’ म्हणजे पांढरी पाचची, चोवीस इंचांच्या आसपासची घेता येते. तिचा आवाज जास्त खालचा आणि मऊ असतो, शेजाऱ्यांनाही कमी टोचतो. क्लास लावायचा असेल तर कोणती पट्टी हवी हे आधी शिकवणाऱ्यांना विचारावं, नाहीतर दुसरी बासरी घ्यावी लागते.

जत्रेत आणि रस्त्यावर मिळणाऱ्या रंगीत बासऱ्यांचा खरा दोष आवाजात नसतो, छिद्रांच्या जागेत असतो. छिद्र चुकीच्या जागी पडलं की तो स्वर कायमचा बेसूर होतो, कारण बासरी नंतर पिळून सुरात लावता येत नाही.

हे दुकानातच तपासता येतं. नवख्याला अजून फुंक जमत नाही, म्हणून विक्रेत्याला वाजवायला सांगावं आणि आपण मोबाईलवर ट्यूनरचं मोफत अॅप उघडून धरावं. बांबू गरम झाला की स्वर थोडा चढतो, त्यामुळे आधी दोन मिनिटं नुसती वाजवू द्यावी. मग वरची तीन छिद्रं बंद ठेवून वाजवलेला स्वर हा त्या बासरीचा ‘सा’. सी बासरी असेल तर स्क्रीनवर `C` दिसायला हवं आणि काटा मध्याजवळ हवा. सहाही छिद्रं बंद केली की खालचा ‘प’, म्हणजे `G` दिसायला हवा. मग पुन्हा तीन छिद्रं बंद करून जोरात फुंकायला सांगावं. वरच्या सप्तकातला ‘सा’ येईल. तिथेही `C` आणि काटा मध्याजवळ असेल तर बासरी घेण्यासारखी आहे. खालचा ‘सा’ बरोबर आणि वरचा बराच चढा किंवा उतरलेला असेल तर ती ठेवून द्यावी.

पहिले काही दिवस आवाजच नीट येत नाही आणि सतत फुंकल्याने गरगरतं. तेव्हा थांबावं, साधा श्वास घ्यावा आणि पाच-पाच मिनिटांचे तुकडे करावेत. बासरी पंख्याच्या थेट झोतात, एसीसमोर किंवा उन्हात ठेवू नये. बांबू कोरडा पडला की उभी चीर जाते.

युकुलेले: बोलण्याच्या आवाजात बसणारं

युकुलेले म्हणजे चार तारांचं, गिटारसारखं दिसणारं छोटं वाद्य. गिटार घ्यायला निघालेल्या अनेकांसाठी छोट्या घरात हा जास्त सोयीचा पर्याय ठरतो. गिटारच्या स्टीलच्या तारा पहिले काही आठवडे बोटांची टोकं दुखवतात आणि तिचा आवाज एका खोलीपुरता राहत नाही. युकुलेलेच्या तारा नायलॉनसारख्या मऊ असतात. आवाज लहान असतो, आणि अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवलं तर शेजारच्या खोलीत बोलणं चालू राहू शकतं. रात्री साडेनऊला, घरातले जागे असताना, ते सहज चालतं. त्याच खोलीत बाळ झोपलं असेल तर मात्र नाही.

यात तीन आकार जास्त दिसतात. सोप्रानो २१ इंच, कॉन्सर्ट २३ इंच आणि टेनर २६ इंच. सगळ्यात छोटं आणि स्वस्त म्हणून सोप्रानो घेतलं जातं, पण मोठ्या माणसाची बोटं त्यावर एकमेकांत अडकतात. पहिल्यांदा घेणाऱ्या प्रौढासाठी कॉन्सर्ट योग्य. साधारण दोन ते चार हजारांत बरं मिळतं.

घेताना एक चाचणी पुरेशी आहे. तारा `G`, `C`, `E`, `A` या स्वरांत लावून घ्याव्यात. मग प्रत्येक तार आधी मोकळी वाजवावी, नंतर बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवावी. दोन्ही वेळा ट्यूनरवर तेच अक्षर आणि काटा जवळपास त्याच जागी दिसायला हवा, कारण बाराव्या फ्रेटवर तोच स्वर वरच्या सप्तकात येतो. काटा बराच पुढे गेला तर तारा फळीपासून फार उंच आहेत किंवा फ्रेट चुकीच्या अंतरावर आहेत. अशा वाद्यावर बोटं बरोबर ठेवूनही गाणं बेसूर वाटतं.

नव्या तारा पहिल्या आठवड्यात सारख्या उतरतात. सकाळी लावलेलं वाद्य संध्याकाळी बेसूर होतं आणि माणूस ते परत करायला निघतो. हा दोष नाही, तारा अजून ताणल्या जात असतात. रोज वाजवण्याआधी लावत राहिलं की आठ-दहा दिवसांत त्या स्थिरावतात.

युकुलेलेची मर्यादा अशी की ते मुख्यतः गाण्याला साथ देण्यासाठी आहे. सी कॉर्डला एकच बोट लागतं, पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. त्यासोबत ए मायनर, एफ आणि जी सेव्हन जमले की बरीच साधी हिंदी-मराठी गाणी गुणगुणता येतात. पण ज्याला स्वतः गायचं नाही, फक्त गाण्याची चाल वाजवायची आहे, त्याला यात लवकर अपुरं वाटू लागतं.

कीबोर्ड: रात्रीचा एकमेव सोबती

रात्री दहानंतरच वेळ मिळत असेल तर या तिघांत कीबोर्डच टिकतो, कारण त्याला हेडफोन लावता येतो. शेजाऱ्यांना तो ऐकू येत नाही.

घरातल्यांना मात्र थोडा येतो. पट्ट्या दाबताना टपटप आवाज होतो आणि टेबल पोकळ असेल तर तो वाढतो. कीबोर्डखाली घडी घातलेली सतरंजी टाकली की तो बराच दबतो. आणखी एक चूक अनेक जण करतात, ती ब्लूटूथ हेडफोन वापरण्याची. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो. गाणी ऐकताना ते कळत नाही, पण पट्टी दाबल्यावर स्वर क्षणभर मागून आला की ताल सांभाळताच येत नाही. म्हणून साधा वायरचाच हेडफोन हवा. कीबोर्डचं छिद्र मोठं, ६.३५ मिलिमीटरचं असेल तर छोटी पिन जोडण्यासाठी कनेक्टर लागतो. तो स्वस्त असतो.

पट्ट्या ६१ आणि नेहमीच्या रुंदीच्या असाव्यात. लहान मुलांच्या कीबोर्डच्या अरुंद पट्ट्यांवर मोठ्या माणसाचं एक बोट दोन स्वर दाबतं. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड साधारण ९५ सेंटीमीटर लांब आणि चार-पाच किलोचा असतो. कपाटाच्या बाजूला उभा ठेवता येतो. पट्टी जोरात दाबल्यावर आवाज मोठा आणि हळू दाबल्यावर लहान येत असेल, म्हणजे ‘टच रिस्पॉन्स’ असेल, तर थोडे जास्त पैसे त्यासाठी द्यावेत. शेकडो प्रकारचे आवाज आणि तयार ताल यांसाठी नाही.

नवीन चांगल्या कंपनीचा कीबोर्ड पाच हजारांच्या वर जातो, त्यामुळे छोट्या बजेटमध्ये सेकंडहँडचा पर्याय येतो. शिकायला घेऊन सोडून दिलेले बरेच कीबोर्ड बाजारात असतात. तपासणी दहा मिनिटांत होते. स्वतःचा हेडफोन सोबत न्यावा. ६१ पट्ट्या एकेक करून, आधी हळू आणि मग जोरात दाबाव्यात. एखादी पट्टी मुकी असेल, अचानक मोठ्याने वाजत असेल किंवा खाली अडकत असेल तर आत रबराचा किंवा कार्बनच्या संपर्काचा बिघाड असतो. मग आवाजाचं बटण फिरवून खरखर येते का, आणि हेडफोनच्या दोन्ही कानांत आवाज येतो का, ते पाहावं. अॅडॉप्टर मूळचा नसेल तर त्यावरचे व्होल्ट आणि + − ची खूण कीबोर्डच्या मागे छापलेल्या खुणेशी जुळवून घ्यावी. पिन बसते म्हणून कुठलाही अॅडॉप्टर लावला तर सर्किट जळू शकतं.

कीबोर्डला एक मर्यादा आहे आणि ती पेटीलाही आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यावर येत नाही. शास्त्रीय संगीताचा तो गाभा हवा असेल तर कीबोर्ड कमी पडतो. गाण्याची चाल ओळखणं, स्वर कानात बसवणं आणि सोबत गाणं यासाठी तो पुरेसा आहे.

एका घराचा हिशेब

समजा, डोंबिवलीत वन आरकेमध्ये राहणारी ३८ वर्षांची एक बाई आहे. सकाळी पावणेआठची लोकल, घरी यायला रात्रीचे आठ. सहा वर्षांची मुलगी साडेनऊला त्याच खोलीत झोपते. आठवड्याच्या नोंदीत पाच वेळा दिसलेली मोकळी वेळ आहे रात्री सव्वादहा ते पावणेअकरा. तिला भावगीतांच्या चाली वाजवायच्या आहेत आणि सोबत गायचं आहे. हातात सहा हजार रुपये आहेत.

वेळ पाहताच बासरी बाद होते. युकुलेले पैशांत बसतं, पण झोपलेल्या मुलीपासून चार फुटांवर नाही. उरतो कीबोर्ड.

तिच्या सहा हजारांची वाटणी साधारण अशी होऊ शकते. सेकंडहँड ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डला चार हजार. अॅडॉप्टर, वायरचा हेडफोन आणि कनेक्टर मिळून हजाराच्या आत. उरलेले हजार रुपये ती स्टँड किंवा कव्हरवर न घालवता दोन-तीन शिकवण्यांसाठी ठेवते. बसण्याची पद्धत आणि बोटांचा क्रम सुरुवातीलाच कुणीतरी समोर बसून दाखवला की नंतर सुधारत बसावं लागत नाही. स्टँडऐवजी जेवणाचं टेबल चालतं, फक्त कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल अशी खुर्ची किंवा तिच्यावर उशी हवी. टेबल उंच असेल तर खांदे वर उचलले जातात आणि पंधरा मिनिटांत मान दुखते.

तिचा गळा काळी चारमध्ये मोकळा लागतो. काळी चारपासून वाजवताना काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा क्रम नवख्याला अवघड जातो. कीबोर्डवर ‘ट्रान्सपोज’ नावाची सोय असते. ती −४ वर ठेवली की बोटं सोप्या पांढरी एकवरच चालतात आणि ऐकू येतो काळी चारचा ‘सा’. रात्री ती हेडफोन लावून हलकेच गुणगुणते. मोकळ्या गळ्याने गायचं ते रविवारी दुपारी.

त्याच घरात निवृत्त सासरे राहत असते आणि त्यांना दुपारी तीन ते पाच वेळ असता, तर उत्तर बदललं असतं. दीड हजारांत चांगली जी बासरी आणि उरलेले साडेचार हजार क्लासला. घरून काम करणाऱ्या, संध्याकाळी सहाला लॅपटॉप बंद करणाऱ्या आणि गाण्याची हौस असलेल्या दिराला तीन हजारांचं कॉन्सर्ट युकुलेले जास्त उपयोगी पडलं असतं. घर तेच, पैसेही तेवढेच, फक्त घड्याळातली वेळ वेगळी.

पहिल्या महिन्यात काय बघायचं?

वाद्य घरी आल्यावर त्याला अशी जागा द्यावी जिथून ते एका मिनिटाच्या आत हातात येईल. बासरी खिळ्यावर, युकुलेले भिंतीवरच्या हुकला, कीबोर्ड कपाटाशेजारी उभा आणि अॅडॉप्टर त्याच्या पिशवीत. पलंगाखालच्या पेटाऱ्यात गेलेलं वाद्य काढायलाच पाच मिनिटं लागत असतील तर वीस मिनिटांच्या वेळेतला पाव भाग तिथेच जातो.

पहिल्या आठवड्यात एकदा घरातल्या कुणाला तरी जिन्यात आणि शक्य झाल्यास खालच्या मजल्यावर उभं राहून ऐकायला सांगावं. दार-खिडकी उघडी ठेवून एकदा, बंद करून एकदा. नेमकं काय ऐकू जातं हे कळलं की वाजवणारा भीतभीत वाजवत नाही.

आणि चार आठवड्यांनी कॅलेंडर बघावं. वाजवलेल्या दिवसांवर खूण केलेली असेल आणि खुणा पंधराच्या वर असतील तर निवड बरोबर आहे, बोटं अजून अडखळत असली तरी. खुणा सात-आठच असतील तर आधी कारण शोधावं. ‘आज कुणीतरी झोपलं होतं’ हेच कारण पुन्हा पुन्हा येत असेल तर वाद्य त्या वेळेला जुळत नाही. ते चांगल्या स्थितीत असतानाच विकावं किंवा बदलून घ्यावं. ‘स्वर लागतच नाही’ हे कारण असेल तर वाद्य घेऊन एकदा जाणकाराकडे जावं. त्याच्या हातात ते सुरात वाजलं तर शिकणाऱ्याला फक्त थोडी दिशा हवी आहे. त्याच्याही हातात बेसूर वाजलं तर दोष वाद्याचा आहे, आणि तो सरावाने जाणार नाही.